कुलूपबंद वाक्य

ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणत. तिचा भाचा कधीकाळी इथे सहा महिने कामाला होता, तो तिला दिवसातून चाळीस वेळा ‘आत्या, आत्या’ करून हाका मारायचा. भाचा गेला, हाक राहिली. आता जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या वकिलापर्यंत ती सगळ्यांची आत्या होती, आणि वकील तिच्याहून चार वर्षांनी मोठे होते.

काम म्हणाल तर इंग्रजीतून रशियनमध्ये भाषांतर, तेही कथा-कादंबऱ्यांचं नव्हे. पंप, वाल्व, बॉयलर, कन्व्हेअर. कुठला बोल्ट किती घट्ट पिळायचा आणि कुठलं झाकण कधी उघडायचं नाही, असल्या पुस्तकांचं. ऐन तारुण्यात पाच वर्षं ती रशियन शिकायला त्या मुलुखात राहून आली होती, आणि बावीस वर्षं या एकाच टेबलाशी बसून होती. टेबल खिडकीपाशी, खिडकीबाहेर टायरचं दुकान. टायर बदलायच्या यंत्राची फुस्सकन हवा सुटायची, तिच्या तालावर आत्याचं काम चाले. ती एकटीच असं मानायची की त्या आवाजाने एकाग्रता वाढते.

आत्याला गर्व होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. साधासुधा नव्हे, कामाचा गर्व, जो लवकर दिसत नाही आणि मुळापासून जातही नाही. ‘आत्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,’ असं ऑफिसात म्हणत, आणि ते ऐकून ती मान खाली घालून चष्मा पुसायची. चष्मा स्वच्छच असायचा.

गेल्या चार वर्षांत काम बदललं. आता आधी यंत्र भाषांतर करतं आणि माणूस मागून ते तपासतो. आत्याने सुरुवातीला नाक मुरडलं, मग गुपचूप शिकून घेतलं, कारण शिकली नाही तर टेबल जाणार हे तिला कळत होतं. मात्र एक अट तिने महिन्यापूर्वीच्या बैठकीत ठणकावून मांडली होती. सगळी जुनी, तपासून पक्की झालेली वाक्यं कॉम्प्युटरच्या साठ्यात जपून ठेवलेली असतात. नव्या कागदात तेच वाक्य जसंच्या तसं आलं की जुनं भाषांतर आपोआप येऊन बसतं. आत्याचं म्हणणं होतं की ही जुनी वाक्यं कुलूपबंद करा. “उद्या कुणी नवशिका येईल आणि माझ्या धडधाकट वाक्यांना पोटीस बांधेल. यंत्राने केलेलं खुशाल तपासा. माझ्या वाक्यांना हात नको.” यंत्रं बनवणाऱ्या, हे काम देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी मान्य केलं. कुलूप लागलं. समोर पडद्यावर अशा वाक्यांच्या शेजारी बारीकसं कुलपाचं चित्र दिसे, आणि ते दिसलं की आत्याला बरं वाटे.

त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता फाइल आली. कामांची वाटणी करणारी बाई, जिला सगळे घड्याळबाई म्हणत कारण ती कुणाशीही बोलताना आधी वेळ सांगायची, ती खुर्ची ओढून आत्याशेजारी बसली.

“नऊ वाजून पाच झालेत. पाच वाजता द्यायचंय.”

“किती आहे?”

“अठरा हजार शब्द यंत्राचे. बाकी कुलूपबंद.”

आत्याने मनात भागाकार केला. नीट हात फिरवायचा तर चांगला माणूस दिवसाला पाच हजार शब्द करतो, जीव तोडून सहा. अठरा हजार म्हणजे तीन दिवसांचं काम.

“दुसरं कुणी?”

“रशियनवाला दुसरा आजारी. त्याला फोन केला तर पलीकडून नुसता खोकला ऐकू आला. आत्या, ढकलता येत नाही. उद्या सकाळी तिकडे कारखान्यात यंत्र जोडायला घेणार, फिटर येऊन बसलेत. त्यांना रशियनखेरीज दुसरी भाषा येत नाही.”

यंत्र म्हणजे वाफेवर चालणारं एक भलंमोठं बंद भांडं होतं. त्यात दवाखान्यात लागणाऱ्या पट्ट्या, कापूस, चादरी भरायच्या, आधी आतली हवा ओढून घ्यायची, मग वाफ सोडून सगळं निर्जंतुक करायचं. भांड्याचं दार माणूस उभा आत जाईल एवढं. आत्याने चित्रं पाहिली, दाराची रुंदी वाचली, आणि कुठे काय आहे याचा अंदाज घेतला.

अशा वेळी आत्याची एक पद्धत होती. काचेखाली ठेवलेल्या एका पिवळ्या पडलेल्या कार्डावर ती लिहिलेली होती, आणि ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला एकदा तरी ते कार्ड दाखवलं जायचं. वेळ नसेल तेव्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची नाही. तसं करणारा माणूस शेवटच्या पानापर्यंत पोचत नाही, आणि धोक्याच्या सूचना कधीकधी शेवटच्याच पानावर असतात. आधी जिथे ‘करू नये’ आहे ती सगळी वाक्यं शोधायची, कारण यंत्र ‘नको’ गिळतं. मग आकडे आणि त्यांची एककं. मग जिथे मुळात ‘केलंच पाहिजे’ आहे तिथे यंत्राने ‘करता येईल’ केलंय का ते. मग भागांची नावं, म्हणजे पान सातवरचा वाल्व पान साठवर वेगळ्याच नावाने येत नाही ना. आणि भाषा सगळ्यात शेवटी. वाक्य वाकडं चाललं तरी चालेल, पोचलं म्हणजे झालं.

हे शेवटचं आत्याला सगळ्यात जड जायचं. तिला रशियन भाषा आवडायची. वाकडं वाक्य पाहिलं की तिचे हात शिवशिवत.

दहापर्यंत तिने ‘नको’वाली वाक्यं काढली. पूर्वीचं भाषांतराचं यंत्र बरं होतं एका अर्थी. ते इतकं वेडंवाकडं लिहायचं की चूक लांबून दिसे. वाल्वच्या रबरी सीलचं त्याने एकदा पाण्यातला सील मासा केला होता, आणि तो कागद आठवडाभर ऑफिसात हातोहात फिरत होता. आताचं यंत्र शहाणं झालेलं, गुळगुळीत बोलणारं. आणि गुळगुळीत बोलणाऱ्यावरच जास्त लक्ष ठेवावं लागतं, हे काही भाषांतरापुरतं खरं नाही.

दोनशे चौदा वाक्यांत तीन ठिकाणी ‘नको’ गेलेलं सापडलं. त्यातलं एक असं: आत दाब असताना दाराचा खटका सोडू नये. यंत्राने छान, घोटीव रशियनमध्ये लिहिलं होतं की आत दाब असताना दाराचा खटका सोडावा. आत्याने ते दुरुस्त केलं, दोनदा वाचलं आणि पाणी प्यायला उठली. कार्ड बरोबर आहे याचं तिला समाधान वाटलं.

मग आकडे. रशियनमध्ये दशांशाला टिंब नव्हे, स्वल्पविराम लागतो. तपासणीचा प्रोग्राम त्यामुळे प्रत्येक आकड्याला ‘चूक, चूक’ म्हणून ओरडत होता. कंटाळून लोक ती तपासणीच बंद करून टाकतात. आत्याने बंद केली नाही. स्वल्पविराम चालेल असं प्रोग्रामला सांगितलं आणि पुन्हा चालवली. चारशे तक्रारींच्या सात उरल्या. सातांतली एक खरी निघाली, पंधरा मिनिटांच्या जागी पाच. तिने घड्याळबाईला बोलावून दाखवलं.

“बघ. बंद केली असती तर?”

“साडेअकरा झाले,” घड्याळबाई म्हणाली.

दुपारी एक वाजेपर्यंत ‘केलंच पाहिजे’ झालं. डबा खाताना आत्याने एक गुन्हा केला. दार बंद करण्याबद्दलचं एक वाक्य तिला फार कुरूप वाटलं. चूक त्यात काहीच नव्हती. तिने ते उलटं केलं, सुलटं केलं, क्रियापद पुढे आणलं, मागे नेलं, आणि शेवटी इतकं देखणं केलं की स्वतःशीच हसली. घड्याळात पाहिलं तर बारा मिनिटं गेली होती. “मूर्ख,” ती मोठ्याने म्हणाली. शेजारचा हिशेबनीस दचकला. त्याला म्हटलेलं नाही असं तिने सांगितलं, पण त्याचा चेहरा काही सुधारला नाही.

तीनपर्यंत भागांची नावं एकसारखी झाली, आणि त्या ओघात पहिली आठ प्रकरणं वाचूनही झाली. उरलं शेवटचं, नववं प्रकरण, देखभालीचं, एकशे साठ वाक्यं. त्यातले आकडे आणि मनाया आधीच पाहून झाल्या होत्या. पूर्ण वाचन बाकी होतं. वेळ पुरत होता. आत्याने मनात जमाखर्च केला आणि पाठ टेकली. इतका अवजड दिवस आणि आपण नौका पैलतीराला लावली, असं तिला वाटत होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी नवव्या प्रकरणात ती एका तक्त्याशी आली. निर्जंतुक करण्याचे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याला भांड्यात किती दाब हवा, बार या मापात. पहिली ओळ: हवा ओढून घेणे, ०.२ बार. तिसरी ओळ: वाफ, १२१ अंश, २.०५ बार.

आकडे मुळाशी जुळत होते. प्रोग्रामने हिरवी खूण दिली होती. आत्याही पुढे सरकली होती. दोन वाक्यं पुढे गेल्यावर तिचा हात थांबला.

यात जे अडलं ते समजायला फार काही लागत नाही. दाब दोन तऱ्हांनी सांगतात. एक पूर्ण दाब, अगदी शून्यापासून मोजलेला. दुसरा गेजवरचा, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब वजा करून उरलेला; भांड्यासकट वजन आणि भांडं वजा करून वजन, तसंच हे. दोन्हींत साधारण एक बारचा फरक पडतो. आता गेजवर ०.२ बार म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्तच झाला. मग हवा ओढून कुठे घेतली? हवा ओढल्यावर गेजचा काटा शून्याच्या खाली जायला हवा. म्हणजे हा आकडा पूर्ण दाबाचाच असला पाहिजे.

तक्त्यात कुठला दाब ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नसते. अशा पुस्तकांत सुरुवातीला एक सरसकट वाक्य असतं. आत्याने चौथ्या पानावर जाऊन ते काढलं. मूळ इंग्रजीत होतं: वेगळं सांगितलं नसेल तर या पुस्तकातले सगळे दाब पूर्ण आहेत. रशियनमध्ये होतं: वेगळं सांगितलं नसेल तर या पुस्तकातले सगळे दाब गेजवरचे आहेत.

बाकी वाक्य निर्दोष होतं. चाल उत्तम, विरामचिन्हं जागच्या जागी. शेजारी कुलपाचं चित्र होतं. कुलपावर बाण नेला की कुणी, कधी मंजूर केलं ते दिसतं. तारीख आठ वर्षांपूर्वीची होती. आद्याक्षरं तिची होती.

बाहेर टायरवाल्याची हवा सुटली, तिला ती ऐकू आली नाही.

तिने साठ्यात शोध घेतला. चूक कशी झाली तेही तिथेच सापडलं. त्या जुन्या महिन्यात दुसऱ्या एका पुस्तकात जवळजवळ हेच वाक्य होतं, फक्त तिथे दाब खरोखरच गेजवरचा होता. मग हे वाक्य आल्यावर कॉम्प्युटरने ते जुनं पुढे केलं, वर लिहून: ब्याण्णव टक्के जुळतं. उरलेल्या आठ टक्क्यांत एकच शब्द होता. तिने तो बदलायचा होता. तिने न बदलता बटण दाबलं. दाबलं त्याची वेळही लिहिलेली होती, पाचला सहा मिनिटं कमी.

तिने घरी फोन लावला. घरी तिचा थोरला भाऊ होता. वहिनी गेल्यापासून दोघं बहीणभाऊ एकत्र राहत. दादाचा सगळा जन्म एका साबण कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात गेला होता.

“दादा, वाफ एकशे एकवीस डिग्रीला. दाब किती?”

“का गं? काय शिजवतेस?”

“सांग ना.”

“पूर्ण म्हणशील तर दोनच्या जरा वर. गेजवर एकच दिसेल.”

“आणि गेजवर दोन आणला तर?”

“मग वाफ एकशे चौतीसच्या आसपास गेली. भांडं तेवढ्यासाठी केलेलं आहे का? सेफ्टी वाल्व कितीवर उघडतो?”

“अडीच.”

“गेजवर अडीच लावला तर पूर्ण साडेतीन झाला की. भांड्याची ताकद बघ आधी. बघितलीस?”

तिने पाहिली. दोन पूर्णांक आठ, पूर्ण. वाल्व उघडायच्या आधी भांडंच जाणार.

“दादा, ठेवते,” ती म्हणाली.

घड्याळबाई आली तेव्हा चार पंचवीस झाले होते आणि तिने ते सांगितलं. आत्याने पडद्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. घड्याळबाईने दोनदा ऐकलं. बाई कामाची होती, मूर्ख नव्हती. म्हणूनच तिने आधी जे सुचवलं ते सुचवलं.

“आत्या, कुलूपबंद आहे ना? मग ते आपल्या हद्दीतच नाही. कामाच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, कुलूपबंद मजकूर तपासायचा नाही. नियमाने आपली चूक नाही.”

“नियमाने नाही. आद्याक्षरं बघ.”

“बरं, मग असं करू. कुलूप मी इकडून उघडते. तुम्ही शब्द बदला, पुन्हा बंद. कुणाला पत्ता लागायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

आत्याला ते हवंसं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. चांगला एक मिनिटभर तिला ते फार हवंसं वाटलं. भांड्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला बरोबर शब्द मिळणार, आणि इथे टेबलापाशी काळ्या दगडावरची रेघ शाबूत राहणार. कुणाचंच काही गेलं नसतं. मग तिने साठ्यातला शोध पुन्हा एकदा चालवला, कोणकोणत्या कागदांत हे वाक्य गेलंय ते पाहायला. नऊ. आठ वर्षांत नऊ पुस्तकं, नऊ ठिकाणी यंत्रं चालू. इथे शब्द बदलला म्हणून तिथला छापील कागद बदलत नव्हता.

“मूठ झाकायला माझे हात पुरत नाहीत गं,” ती म्हणाली. “इंजिनिअरांचा नंबर दे.”

“आत्या, महिन्यापूर्वी तुम्हीच त्यांना सांगितलंत की तुमच्या वाक्यांना हात नको. आता तुम्हीच…”

“नंबर दे.”

कंपनीचे इंजिनिअर शांत माणूस होते. त्यांना मध्येच बोलायची सवय नव्हती, आणि त्या दिवशी ती त्यांना असती तर आत्याला बरं झालं असतं. तिने सांगितलं: चौथ्या पानावरचं वाक्य चुकीचं आहे. कुलूपबंद आहे. यंत्राने केलेलं नाही. मी केलेलं आहे, आठ वर्षांपूर्वी. आणि ते नऊ पुस्तकांत गेलंय, यादी पाठवते.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“वाल्व उद्या सकाळी लावणार होते,” ते शेवटी म्हणाले. “मी आत्ता कळवतो. कुलूप उघडायची परवानगी लेखी देतो. बाकीच्या नऊचं काय, ते जागेवर विचारावं लागेल.” आणि मग, अगदी सरळ आवाजात, “बैठकीत तुम्ही फार खात्रीने बोलला होतात.”

“हो,” आत्या म्हणाली.

उरली पंचवीस मिनिटं. नववं प्रकरण अर्धं वाचायचं होतं, आणि कार्डाप्रमाणे तेच करायचं होतं. पण आता दाबाचं वाक्य उलटल्यावर, यंत्राने कुठेकुठे आपल्या मनाने ‘गेजवरचा’ घातलाय ते पाहणं भाग होतं, कारण यंत्राला या साठ्यातल्या वाक्यांवरच शिकवलेलं होतं. म्हणजे आत्यावरच. शिष्याने गुरूचं सगळं उचललं होतं. अकरा ठिकाणी तो शब्द होता. सहा ठिकाणी मुळातही होता, पाच ठिकाणी नव्हता. तिने ते पाच काढले. प्रत्येक दाबाशी जाऊन मूळ पाहिलं, बोट ठेवून, शाळेत पाढे म्हणावेत तसं.

पाचला चार मिनिटं कमी असताना तिने फाइलसोबतची चिठ्ठी लिहिली. पहिली आठ प्रकरणं आणि नवव्यातली पहिली नव्वद वाक्यं तपासली. नवव्यातल्या उरलेल्या सत्तर वाक्यांतले आकडे आणि मनाई तेवढीच पाहिली, भाषा यंत्राची आहे, ओबडधोबड असू शकते. चौथ्या पानावर जुनं कुलूपबंद वाक्य बदललं, कारण सोबत.

“सत्तर वाक्यं नाही बघितली असं लिहिता?” घड्याळबाई म्हणाली. “काम दुसरीकडे जाईल आत्या.”

“नाही बघितली म्हणून लिहिते.”

“पाच,” घड्याळबाई म्हणाली आणि बटण दाबलं.

संध्याकाळी दादाने विचारलं नाही. चहा ठेवला, बिस्किटं काढली, तिच्या समोर बसला. त्याची ही एक सवय फार चांगली आणि फार असह्य होती. शेवटी तिनेच सांगितलं, पहिल्यापासून.

“आठ वर्षांपूर्वी तू नोकरीवर होतास,” ती म्हणाली. “तुला एक फोन केला असता तर समजलं असतं.”

“का नाही केलास?”

“मला येतं असं वाटलं.”

दादाने बिस्कीट बुडवलं. “बॉयलरपाशी पण येतं असं वाटणारेच भाजतात,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, “तू सांगितलंस ना पण. मग खा आता.” तिला रडू येत होतं, तिने बिस्कीट खाल्लं.

बुधवारी अकरा वाजता इंजिनिअरांचा निरोप आला. नव्या कारखान्यात वाल्वला अजून हात लागलेला नव्हता, सुधारलेलं पान त्यांच्या हातात पोचलं. जुन्या नऊ ठिकाणांपैकी आठ ठिकाणची यंत्रं शंभर-दीडशे बारवर चालणारी, तिथे एका बारने काही बिघडलं नव्हतं. तरी सगळीकडे पत्रं गेली. नववं सर्वांत जुनं होतं, ज्याच्यासाठी ते वाक्य पहिल्यांदा लिहिलं गेलं ते. निरोपासोबत तिथून आलेला एक फोटो होता.

फोटोत चौथं पान होतं. तेलाच्या बोटांनी काळपट झालेलं, कोपरा दुमडलेला. तिचं वाक्य होतं. त्यातला तिचा शब्द निळ्या पेनाने आडवा खोडलेला, आणि वर, गिचमिड रशियन अक्षरात, बरोबर शब्द. शेजारी तारीख. आठ वर्षांपूर्वीची, यंत्र जोडायला घेतलं त्या पहिल्याच आठवड्याची.

इंजिनिअरांनी खाली लिहिलं होतं: पंपाच्या ओढण्याच्या बाजूचे आकडे गेजशी जुळेनात म्हणून तिथल्या फिटरने तेव्हाच दुरुस्त केलं होतं. कुणाला कळवायचं ते त्याला माहीत नव्हतं, आणि पुस्तकावर पत्ता नव्हता.

आत्याने तो फोटो मोठा करून पाहिला. आठ वर्षं ती चष्मा पुसत होती, आणि इतकी वर्षं तिची चूक कुठल्यातरी अनोळखी माणसाने, पंपाशेजारी उभं राहून, पुसून ठेवली होती. तिला लाज वाटली. आणि त्या माणसाविषयी, ज्याचं नावही तिला कळणार नव्हतं, फार माया वाटली.

तिने साठा उघडला. जुनी नोंद काढली, शब्द बदलला, मंजूर केलं. कॉम्प्युटरने शेजारी आपोआप तिची आद्याक्षरं आणि आजची तारीख घातली. खाली शेऱ्याची रिकामी जागा असते, तिथे बावीस वर्षांत तिने कधी काही लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं: दुरुस्ती फिटरची, आठ वर्षांपूर्वीची. मी आज वाचली.

घड्याळबाई मागे येऊन उभी होती. तिने वेळ सांगितली नाही.

“कुलूप लावू परत?” तिने विचारलं.

“नको,” आत्या म्हणाली. “सगळीच काढ.”